न भरलेल्या हप्त्याचे तीस दिवस

विम्याच्या करारात एक गोष्ट अशी आहे, जी मला आजही थक्क करते. समजा, एखाद्या माणसाने आयुर्विम्याचा वार्षिक हप्ता 10 जूनला भरायचा होता, तो भरला नाही आणि 2 जुलैला तो माणूस गेला. त्या हप्त्यापोटी त्याच्या खात्यातून कंपनीला एक रुपयाही गेलेला नाही. तरीही कंपनी त्याच्या कुटुंबाला पूर्ण विमा रक्कम देते, फक्त त्यातून तो राहिलेला हप्ता वजा करते. जो हप्ता त्याने जिवंतपणी भरला नाही, तो त्याच्या मृत्यूनंतर त्याच्याच दाव्याच्या पैशातून भरून घेतला जातो आणि करार तुटला नाही असे मानले जाते. आणि तोच माणूस 12 जुलैला गेला असता, तर हिशेब मुळापासून बदलला असता.

बँकेतून आपोआप कापला जाणारा हप्ता थांबवायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ही दहा दिवसांची दरी नीट पाहावी, कारण थांबवणे दोन मिनिटांचे काम आहे, पण त्यानंतर ज्या तारखा सुरू होतात त्या पाच वर्षे चालू राहतात.

आधी थांबवण्याचेच पाहू. आयुर्विम्याचा हप्ता आपोआप कापण्यासाठी आज बहुतेक ठिकाणी नाच ही यंत्रणा वापरली जाते. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ती चालवते. आपण जो कागद किंवा ऑनलाइन फॉर्म मंजूर करतो त्याला मँडेट म्हणतात. त्यात किती रुपयांपर्यंत, किती दिवसांनी आणि कोणत्या तारखेपर्यंत पैसे कापायचे ते लिहिलेले असते, आणि प्रत्येक मँडेटला UMRN नावाचा स्वतःचा क्रमांक मिळतो. हप्त्याची तारीख आली की विमा कंपनी स्वतःच्या बँकेकडे मागण्यांची यादी पाठवते, ती यादी कॉर्पोरेशनच्या यंत्रणेतून आपल्या बँकेत येते, आणि आपली बँक मँडेट जुळते का, शिल्लक आहे का हे पाहून पैसे देते किंवा मागणी परत करते. यादी काही दिवस आधीच तयार झालेली असते. म्हणून आदल्या दिवशी रद्द केलेले मँडेट त्या महिन्याची कपात अडवेलच असे नाही.

मँडेट दोन ठिकाणांहून रद्द करता येते. विमा कंपनीकडे अर्ज करता येतो, किंवा आपल्या बँकेत. बऱ्याच बँकांच्या नेटबँकिंगमध्ये चालू मँडेटची यादी दिसते आणि तिथूनच UMRN निवडून ते रद्द होते. यूपीआयवर दिलेली परवानगी असेल तर त्याच अ‍ॅपमधल्या ऑटोपे विभागात जाऊन ती काढता येते. तिथे प्रत्येक कपातीच्या किमान 24 तास आधी सूचना येणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. मी सांगेन ते एवढेच की दोन्हीकडे कळवावे. बँकेने मँडेट रद्द केले आणि कंपनीला ते माहीत नसले, तर ती पुढच्या तारखेला मागणी पाठवतेच आणि मग ती परत जाते. काही लोक मँडेट तसेच ठेवून खातेच रिकामे करतात. तो मार्ग सर्वांत महाग पडतो. शिल्लक नसल्याने परत गेलेल्या प्रत्येक मागणीवर बँक शुल्क लावते, मागणी पुन्हा येऊ शकते, पुन्हा शुल्क लागते, आणि ही नोंद बँकेत आपल्या नावावर राहते.

पण इथे मुख्य मुद्दा आहे. मँडेट ही आपण बँकेला दिलेली सूचना आहे. पॉलिसी हा आपण विमा कंपनीशी केलेला करार आहे. पहिली रद्द केल्याने दुसरा रद्द होत नाही. बँकेला पॉलिसीत काय लिहिले आहे हे ठाऊक नसते, आणि कंपनीच्या दृष्टीने मँडेट रद्द होणे म्हणजे फक्त पैसे येण्याची एक वाट बंद होणे. हप्ता देय असतोच. तो आपण ऑनलाइन, शाखेत किंवा धनादेशाने त्याच दिवशी भरला तर पॉलिसीला काहीही धक्का लागत नाही. खाते बदलायचे म्हणून किंवा तारीख जुळत नाही म्हणून कपात थांबवणारे हजारो लोक हेच करतात.

आणि न भरल्यास? आयुर्विम्याचे हे वेगळेपण आहे की कर्जाचा हप्ता थकला तर बँक वसुलीला येते, पण विम्याचा हप्ता थकला म्हणून कंपनी ग्राहकाच्या मागे वसुलीला लागत नाही. पुढचा हप्ता भरायचा की नाही हा निर्णय प्रत्येक वेळी विमेदाराचाच असतो. न भरल्याचा परिणाम फक्त संरक्षणावर होतो, आणि तोही लगेच नाही.

या मधल्या दिवसांना ग्रेस पिरियड म्हणतात. विमा नियामक, म्हणजे आयआरडीएआयच्या नियमांनुसार हप्ता महिन्याला भरायचा असेल तर 15 दिवस आणि तिमाही, सहामाही किंवा वार्षिक असेल तर 30 दिवस मिळतात. 1938 च्या विमा कायद्याच्या कलम 64 व्हीबीचा पाया असा की पैसे हाती आल्याशिवाय विमा कंपनीने जोखीम घ्यायची नाही. त्या पायावर उभ्या असलेल्या व्यवसायात हे दिवस मला विलक्षण वाटतात, कारण या काळात कंपनी पैसे न घेता जोखीम वाहते. दाव्यात राहिलेला हप्ता वजा होतो, इतकेच.

हे दिवस मोजताना दोन गोष्टी नेहमी चुकतात. पहिली म्हणजे मोजणी हप्त्याच्या मूळ तारखेपासून होते, कपात फसल्याच्या तारखेपासून नाही. 10 तारखेची मागणी परत गेली, 20 तारखेला पुन्हा आली आणि तीही परत गेली, तरी मासिक पॉलिसीचे पंधरा दिवस 10 पासूनच धरले जातात. म्हणजे दुसरी मागणी फसल्याचा संदेश हातात पडतो तेव्हा जेमतेम पाच दिवस उरलेले असतात. दुसरी गोष्ट अशी की आपोआप कापले जाणारे हप्ते बहुधा मासिकच असतात. एलआयसीच्या अनेक योजनांत मासिक हप्ता फक्त नाचने किंवा पगारातून कापूनच भरता येतो. तिथे मँडेट रद्द केले की मासिक पद्धतच सोडावी लागते आणि हप्ता तिमाही, सहामाही किंवा वार्षिक करून घ्यावा लागतो. हा बदल मागून घेतला नाही, तर ज्याला वाटते आपल्याकडे महिना आहे त्याच्याकडे प्रत्यक्षात पंधरा दिवसच असतात.

आता सुरुवातीच्या त्या पॉलिसीकडे परत जाऊ आणि तिचे आकडे नक्की करू. वीस वर्षे हप्ते भरायचे आहेत अशी एक एंडोमेंट पॉलिसी, विमा रक्कम 5,00,000 रुपये, वार्षिक हप्ता 25,000 रुपये, देय तारीख 10 जून. 2019 ते 2024 असे सहा हप्ते भरले गेले. 2025 चा हप्ता येण्याआधी मँडेट रद्द झाले आणि हाताने कोणी भरला नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर पॉलिसी उघडली तर FUP या रकान्यात 10 जून 2025 दिसेल. ही पहिल्या न भरलेल्या हप्त्याची तारीख. पुढचे सगळे हिशेब याच एका तारखेवर टांगलेले असतात, म्हणून कोणत्याही संदेशापेक्षा, एजंटच्या आश्वासनापेक्षा मी या रकान्यावर विश्वास ठेवतो.

10 जुलैपर्यंत मृत्यू झाला तर 5,00,000 रुपये आणि जमलेला बोनस, वजा 25,000. 10 जुलै उलटली की पॉलिसी पूर्ण मरत नाही, कारण सहा वर्षांचे पैसे तिच्यात आहेत. ती पेड-अप होते. भरलेले हप्ते सहा, भरायचे वीस, म्हणजे विमा रक्कम वीसातले सहा भाग, 1,50,000 रुपये. तोपर्यंत जमलेला बोनस तसाच राहतो, नवा बोनस सहसा लागत नाही. मृत्यू झाला किंवा मुदत संपली तर हीच कमी झालेली रक्कम मिळते. म्हणजे एका दिवसात संरक्षण पाच लाखांवरून दीड लाखावर आले, आणि त्या दिवशी घरात कोणालाही काही वेगळे जाणवले नाही.

एलआयसीच्या जुन्या काही पॉलिसींत आणखी एक सवलत लिहिलेली आढळते. किमान तीन वर्षांचे हप्ते भरलेले असतील आणि पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून सहा महिन्यांच्या आत मृत्यू झाला, तर पूर्ण विमा रक्कम देय मानली जाते. म्हणून कुणाच्या मृत्यूनंतर ‘पॉलिसी बंद पडली होती’ असे ऐकून कागद फेकून देऊ नये. अटी वाचून दावा जरूर करावा.

शुद्ध टर्म विम्यात मात्र ही मऊ जागा नाही. तिथे बचतीचा भागच नसतो, त्यामुळे नेहमीच्या टर्म योजनेत पेड-अप होण्यासारखे काही शिल्लक राहत नाही. ग्रेस पिरियड संपला की एक कोटीचा विमा सरळ शून्य होतो. बचतीच्या पॉलिसीतही अगदी सुरुवातीला सोडले तर हाती फार थोडे येते, जरी 2024 च्या नव्या नियमांनी एक पूर्ण वर्षाचा हप्ता भरल्यावर विशेष सरेंडर मूल्य देणे कंपन्यांना भाग पाडले आहे. आणि पॉलिसी नुकतीच हातात आली असेल, तिच्या अटी पटत नसतील, तर मँडेट रद्द करत बसू नये. कागद मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत फ्री-लूकचा हक्क वापरून पॉलिसी परत केली, तर जोखमीचे दिवस, तपासणी आणि मुद्रांकाचा खर्च वजा करून पैसे परत येतात.

आता त्या एंडोमेंटचा मालक दोन वर्षांनी, जून 2027 मध्ये, परत येतो असे समजू. तो येऊ शकतो. युलिप नसलेल्या पॉलिसीचे पुनरुज्जीवन पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांत करता येते, युलिपमध्ये तीन वर्षांत. त्याच्यासाठी शेवटची तारीख 10 जून 2030. त्याला 2025, 2026 आणि 2027 असे तीन हप्ते भरायचे आहेत, म्हणजे 75,000 रुपये, आणि त्यावर व्याज. व्याजाचा दर कंपनी वेळोवेळी ठरवते; उदाहरणापुरता वार्षिक नऊ टक्के, सहा महिन्यांनी चक्रवाढ असा धरू. पहिल्या हप्त्यावर दोन वर्षांचे सुमारे 4,813 रुपये, दुसऱ्यावर एका वर्षाचे सुमारे 2,301 रुपये. एकूण साधारण 82,114 रुपये. एवढे भरल्यावर त्याला मिळते काय? पुन्हा पाच लाखांचा विमा, आणि तोही 2019 साली त्याचे जे वय होते त्या वयाच्या दराने. आठ वर्षांनी म्हाताऱ्या झालेल्या शरीरासाठी आठ वर्षांपूर्वीचा दर. टर्म विम्यात हा फरक फार मोठा असतो, कारण नवी पॉलिसी आजच्या वयाने घ्यावी लागते. पुनरुज्जीवन महाग वाटते तेव्हा तुलना गेल्या दोन वर्षांच्या व्याजाशी न करता, नव्या पॉलिसीच्या पुढच्या सगळ्या हप्त्यांशी करायला हवी.

यासाठी पैशांबरोबर आरोग्याचा पुरावाही द्यावा लागतो. प्रकृती उत्तम असल्याचे निवेदन, कधी रक्ताच्या चाचण्या, कधी पूर्ण वैद्यकीय तपासणी. ही अट काढून टाकली असती तर काय झाले असते ते उघड आहे: लोक हप्ते थांबवून बसले असते आणि आजार कळल्यावर धावत आले असते. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांसाठीच विमा उरला असता आणि नियमित भरणाऱ्यांच्या पैशाने ती विहीर खणली गेली असती. म्हणून कंपनी तपासते, आणि तपासून जादा हप्ता लावू शकते किंवा नकारही देऊ शकते. कंपन्या अधूनमधून पुनरुज्जीवनाच्या मोहिमा काढतात आणि व्याजात सूट देतात. एलआयसीच्या अशा मोहिमांत सूट विलंबाच्या पैशांत असते, वैद्यकीय अटींत नसते.

पैसे भरले म्हणजे पॉलिसी जिवंत झाली, हा समज सर्वांत घातक. थकलेली रक्कम काउंटरवर घेतली जाते, पावतीही मिळते, पण पुनरुज्जीवन कंपनीने मंजूर करून कळवल्यावरच लागू होते. तोपर्यंत ते पैसे कंपनीकडे ठेव म्हणून पडून असतात. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेला एक खटला यावर लख्ख प्रकाश टाकतो. एप्रिल 2011 मध्ये घेतलेली एलआयसीची सहामाही हप्त्याची पॉलिसी होती. 14 ऑक्टोबर 2011 चा हप्ता राहिला. नोव्हेंबरच्या मध्याला सवलतीचे तीस दिवस संपले. 6 मार्च 2012 रोजी विमेदाराला अपघात झाला. तीन दिवसांनी, 9 मार्चला, अपघाताची माहिती न देता राहिलेला हप्ता भरण्यात आला. 21 मार्चला त्यांचा मृत्यू झाला. एलआयसीने मूळ 3,75,000 रुपये दिले, पण तेवढाच अपघाती लाभ नाकारला. खालच्या मंचांत निकाल उलटसुलट लागले आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने एलआयसीचे म्हणणे मान्य केले: अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू असणे ही अट होती, आणि त्या दिवशी ती चालू नव्हती. नंतर भरलेला हप्ता मागच्या तारखेला जाऊन संरक्षण उभे करू शकत नाही.

पुनरुज्जीवनाचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो कळल्यावर मी बराच वेळ विचार करत राहिलो होतो. विमा कायद्याचे कलम 45 विमेदाराचे मोठे कवच आहे. तीन वर्षे उलटली की कंपनी कोणत्याही कारणाने पॉलिसीवर आक्षेप घेऊ शकत नाही, माहिती लपवल्याच्या आरोपावरूनही नाही. पण ही तीन वर्षे कुठून मोजायची? पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती, आणि मुंबईच्या ओरिएंटल विमा कंपनीच्या 1945 सालच्या एका पॉलिसीवरून हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. पॉलिसी बंद पडली होती, 1946 मध्ये पुन्हा चालू झाली आणि काही महिन्यांतच विमेदार गेला. 1962 मध्ये न्यायालयाने सांगितले की मुदत मूळ पॉलिसीपासूनच मोजायची, पुनरुज्जीवनापासून नाही. त्या खटल्यात आजार जाणूनबुजून लपवल्याचे सिद्ध झाल्याने दावेदाराच्या हाती काही लागले नाही, पण मोजणीचे तत्त्व पन्नासहून अधिक वर्षे टिकले. 2015 च्या दुरुस्तीने ते बदलले. आता पॉलिसी दिल्याची, जोखीम सुरू झाल्याची, पुनरुज्जीवनाची किंवा रायडर जोडल्याची, यांतली जी तारीख सर्वांत शेवटची, तिथून तीन वर्षे मोजतात.

आपल्या उदाहरणातल्या माणसाचे कवच जून 2022 मध्येच पुरे झाले होते. 2027 च्या पुनरुज्जीवनाने ते उतरले आणि 2030 पर्यंत तो पुन्हा तपासणीच्या कक्षेत आला. म्हणून पुनरुज्जीवनाच्या वेळचे आरोग्य निवेदन हा नवा प्रस्ताव-अर्ज समजूनच भरावा. मधल्या दोन वर्षांत रक्तदाबाची गोळी सुरू झाली असेल, साखर वाढली असेल, एखादा दिवस रुग्णालयात काढला असेल, तर ते लिहावे. एजंटने स्वतःच सगळीकडे ‘नाही’ लिहिले असेल तर सही करण्याआधी तो कागद वाचावा. आत्महत्येसंबंधीची बारा महिन्यांची अटही पुनरुज्जीवनाच्या तारखेपासून पुन्हा लागू होते.

आरोग्य विम्याचे गणित थोडे निराळे आहे, तेवढे सांगून पुढे जातो. तिथे पेड-अप किंवा पाच वर्षांचे पुनरुज्जीवन नाही. वार्षिक पॉलिसीचे नूतनीकरण 30 दिवसांच्या सवलतीत केले तर जुन्या आजारांच्या प्रतीक्षा काळाचे जमलेले श्रेय टिकते, त्यानंतर ते गमावण्याची वेळ येते. हप्त्याहप्त्याने भरलेल्या पॉलिसीत 2024 पासून सवलतीच्या दिवसांतही संरक्षण चालू राहते.

आयुर्विम्यात कपात थांबवायची असेल तर क्रम उलटा हवा. पॉलिसीचे काय करायचे ते आधी ठरवावे: चालू ठेवून हाताने भरायची, हप्त्याची पद्धत बदलायची, पेड-अप होऊ द्यायची की सरेंडर करायची. सरेंडर मूल्य आणि पेड-अप रक्कम कंपनीकडून लेखी मागवता येते, आणि ते दोन आकडे शेजारी ठेवल्यावरच निर्णयाला अर्थ येतो. मग मँडेट रद्द करावे, रद्द झाल्याची पोच ठेवावी आणि पुढच्या देय तारखेनंतर आठवड्याने FUP पुन्हा पाहावे.

आणि ज्यांनी बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करून घेतली आहे त्यांच्यासाठी एक बारीक तपशील. पॉलिसी चालू झाली तरी रद्द केलेले मँडेट आपोआप चालू होत नाही. नवे मँडेट द्यावे लागते, ते बँकेत नोंदले जाऊन पहिली कपात व्हायला वेळ लागतो, आणि त्या मधल्या काळात एखादी देय तारीख येऊ शकते. तो एक हप्ता हाताने भरावा लागतो, नाहीतर व्याजासह 82,000 रुपये भरून उठवलेली पॉलिसी पुन्हा ग्रेस पिरियडच्या दिवसांत जाऊन उभी राहते.